आठ लाख मागणाऱ्याला नेमकं काय हवंय?

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याला क्वालिटी इंजिनिअर हवा आहे, असं धरू. मंजूर सीटीसी जास्तीत जास्त 6.40 लाख. चाकणहून परत नाशिकला येऊ पाहणारा उमेदवार आवडला, आणि त्याने आकडा टाकला: आठ लाख. नवखा एचआर इथे लगेच "बघतो, बोलतो वर" म्हणतो. तिथेच घासाघीस सुरू होते.

आधी विचारा, "महिन्याला हातात किती हवेत?" उत्तर आलं, पन्नास हजार. आता त्याची पगाराची स्लिप मागा. त्याच्याकडे सीटीसीत 10 टक्के व्हेरिएबल आहे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. म्हणून त्याच्या हिशेबाने पन्नास हजारांना आठ लाख लागतात. तुमच्याकडे व्हेरिएबल नाही आणि पीएफ 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी 1,800. बेसिक 50 टक्के धरा. 6.40 लाखांतून कंपनीचा पीएफ 21,600 आणि ग्रॅच्युइटी (बेसिकच्या 4.81 टक्के) 15,392 वजा केली, की महिन्याला 50,250 उरतात. त्यातून त्याचा पीएफ आणि 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात 48,250. दरी दीड लाखाहून जास्त वाटत होती, ती महिन्याला 1,750 ची निघाली.

पीएफ कमी साठेल आणि व्हेरिएबल जाईल, हे मात्र स्वतःहून सांगा. पहिल्या स्लिपला त्याला कळलंच, तर विश्वास गेला.

उरलेली दरी मूळ पगारात भरू नका. त्याच लाइनवरचा चार वर्षांचा जुना इंजिनिअर 6.20 वर असेल, तर नव्याचा आकडा त्याला चहाच्या टपरीवर महिन्याभरात कळतोच, मग सगळ्यांचेच पगार दुरुस्त करायची वेळ येते. त्यापेक्षा 25,000 जॉइनिंग बोनस द्या, वर्षाच्या आत सोडलं तर परत, अशी अट ऑफर लेटरमध्ये लिहून. सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घेणार असाल तर तारीख आणि निकष लेखी हवेत; तोंडी आश्वासनाचा साहेब बदलला की पत्ता नसतो. नाशिकरोडहून कंपनीची बस किंवा आईवडिलांचा मेडिक्लेम, हे तो मागतोय का ते आधी विचारा. ज्याची स्वतःची गाडी आहे, त्याला बस दाखवून पगार कमी करता येत नाही.

नाही कधी म्हणायचं? फोन करण्याआधीच कमाल आकडा आणि उत्तराची तारीख कागदावर लिहा. होकार देऊन तो दुसरी ऑफर दाखवत पुन्हा वाढवून मागत असेल, तर थांबा. 60 दिवसांच्या नोटीसमध्ये तो हेच आणखी दोनदा करेल. त्याच दिवशी फोन करून स्पष्ट सांगा, "आमची मर्यादा 6.40 आहे, त्यापुढे जमणार नाही." आणि पहिल्याचा लेखी होकार येईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवू नका.