मावशीची धडधड घड्याळात का दिसेना, आणि ती पकडायची कशी

आमची मावशी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय ६३, आणि गेल्या पावसाळ्यापासून तिचं एकच म्हणणं, दुपारचा चहा झाला की छातीत एकदम धडधड सुरू होते आणि वीसेक सेकंदांत बंद. भाच्याने हौसेने मनगटावर स्मार्ट वॉच बांधून दिलं. तर मॅडमना धडधड झाली ४:१२ ला, आणि ॲपमध्ये बघितलं तर ४:१० ला ७८, ४:२० ला ८१, मध्ये काहीच नाही. घरात लगेच निकाल लागला की मावशी, तुझ्या मनाचे खेळ आहेत, घड्याळ खोटं थोडंच बोलेल. ती बिचारी गप्प बसली. घड्याळ खोटं बोलत नव्हतं, हे खरं, पण त्या वीस सेकंदांत ते बघतच नव्हतं.

म्हणून आधी हे समजून घ्या की घड्याळात तीन वेगवेगळ्या वेळा चालतात आणि आपण सगळे त्यांची खिचडी करतो. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीवर उजेड टाकतो, रक्ताची लाट आली की थोडा जास्त उजेड शोषला जातो, आणि सेन्सर हे सेकंदाला कित्येक वेळा मोजतो, ही झाली पहिली वेळ. दुसरी म्हणजे ठोक्यांचा आकडा काढायला ते किती सेकंदांचा तुकडा घेतं, बऱ्याचदा ८-१० सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त. आणि तिसरी म्हणजे असा आकडा ते दिवसभरात दर किती वेळाने काढून लिहून ठेवतं. सेटिंगमध्ये आपल्याला बदलता येते ती फक्त ही तिसरी. मावशीच्या घड्याळात ती १० मिनिटं होती, म्हणजे दहा मिनिटांतून एकदा दिवा लागायचा, थोडा वेळ मोजायचं, परत झोप.

मग तुम्ही म्हणाल तुकडा तरी कशाला घेतात, प्रत्येक ठोका का नाही दाखवत. तर मनगट ही जागाच वाईट आहे हो. हात हलला, पट्टा सरकला, पोळी लाटली, की लाटेत कचरा येतो. दोन ठोक्यांमधलं एकच अंतर धरून आकडा काढला तर स्क्रीनवर ७०, १३०, ४५ असा नाच दिसेल. म्हणून घड्याळ काही सेकंदांची सरासरी काढतं, आणि एकदम मोठी उडी दिसली तर ती हालचालीमुळे तर नाही ना म्हणून थोडं थांबून खात्री करतं. चालताना हे बरंच आहे, पण छोटी घटना त्यातच विरघळते.

पहिली स्टेप, आपल्या घड्याळाचा उशीर स्वतः मोजा. मी केलं ते सांगतो. वर्कआउट मोड लावला (त्यात बहुतेक घड्याळं न थांबता मोजतात), पाच मिनिटं पलंगावर शांत पडलो, आकडा ६६ वर टेकला, मग एकदम उभा राहिलो. उभं राहिल्यावर साधारण पंधराव्या ठोक्याच्या आसपास हृदय सगळ्यात जोरात धावतं आणि तिसाव्याच्या आसपास परत मंदावतं, हे शरीराचं नेहमीचं वागणं आहे, डॉक्टर लोक मज्जातंतूंच्या तपासणीत हेच वापरतात. मी गळ्याच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवून आठव्या सेकंदापासून अठराव्यापर्यंत मोजले, १६ ठोके, म्हणजे मिनिटाला ९६. त्या क्षणी घड्याळावर होते ७९! ते ८७ ला पोचेपर्यंत माझी खरी पल्स खाली यायला लागली होती, आणि ९६ त्याने कधी दाखवलेच नाहीत. एक सांगून ठेवतो, दहा सेकंद मोजून सहाने गुणलं की एक ठोका इकडेतिकडे झाला तरी सहाचा फरक पडतो, तेव्हा तीन-चार वेळा करून बघा. आणि ज्यांना उठल्यावर चक्कर येते किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा प्रयोग करू नका, घरातल्या तरण्याताठ्याला उभं करा.

दुसरी स्टेप, नोंदीचा इंटरव्हल बघा आणि हिशोब करा. ॲपमध्ये हार्ट रेट मॉनिटरिंग असं काहीतरी असतं, तिथे १ मिनिट, ५, १०, ३० असे पर्याय येतात, काहींत कंटिन्युअस किंवा स्मार्ट लिहिलेलं असतं. आता धडधड २० सेकंदांची आणि घड्याळ ६०० सेकंदांतून एकदा डोकावणार, म्हणजे सापडायची शक्यता साधारण तीसात एक. दिवसाला तीन वेळा झाली तरी दिवसभरात एकदा तरी सापडण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास, आणि दहा दिवसांत तीस वेळा धडधड होऊनसुद्धा तीनातून एकदा असं होईल की एकही नोंद नाही. यात घड्याळ बिघडलेलं नाहीये, हा साधा हिशोब आहे. इंटरव्हल १ मिनिट केला की तीच शक्यता तीनात एक होते.

पण १ मिनिट केल्यावर सुद्धा आकडा खरा येईलच असं नाही. मावशीच्या घड्याळात बदलल्यावर तिसऱ्या दिवशी ४:३१ ला ११४ ची एकच नोंद आली, आजूबाजूला ७७ आणि ८०. घरचे म्हणाले ११४ म्हणजे काय फार नाही, जिना चढली असेल. मला वाटतं घड्याळाने मोजायला घेतलेला तुकडा अर्धा धडधडीच्या आत आणि अर्धा बाहेर पडला असणार, ७८ आणि १५० यांच्या बरोबर मध्ये ११४ येतात. काही घड्याळं एका वेळचा आकडा न लिहिता पूर्ण मिनिटाची सरासरी लिहितात, तिथे ४० सेकंद ७८ आणि २० सेकंद १५० याचे होतात १०२. पाच मिनिटांची सरासरी असेल तर ८३, म्हणजे दिसायचंच नाही. म्हणून ग्राफवर अशी एकटी उंच काडी दिसली तर तिची उंची खरी मानू नका, ती निदान एवढी तरी होती असं समजा. अर्थात तेव्हा हात हलत असेल तर ती नुसता कचरा पण असू शकते, म्हणून त्या वेळी आपण काय करत होतो ते लिहिलेलं पाहिजे.

वहीवरून आठवलं. तिसरी स्टेप वही, आणि यात आम्ही मस्त माती खाल्ली. मावशी वेळ लिहायची स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून, जे तिने काकांना ऑफिसला वेळेवर पिटाळायला सात मिनिटं पुढे ठेवलेलं, काका रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी ते तसंच. आठवडाभर नोंदी जुळेनात! तेव्हा वेळ त्याच मनगटी घड्याळावरून लिहा, सेकंद नको, मिनिट पुरे, सोबत बसले होते की चालत होते आणि अंदाजे किती वेळ टिकलं.

चौथी स्टेप, वर्कआउट मोड धडधड सुरू झाल्यावर लावू नका, आधीच लावून ठेवा. सुरू झाल्यावर चष्मा शोधा, स्क्रीन उघडा, मोड निवडा, मग घड्याळ पल्स धरायला आणखी काही सेकंद घेणार, तोवर सगळं संपलेलं. मावशीचा त्रास चहानंतरचा होता म्हणून आम्ही रोज ४ ते ५:३० 'इतर' नावाचा व्यायाम चालू करून तिला खुर्चीत बसवलं, पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, जरा घट्ट, हात मांडीवर. दिवसभर असं ठेवलं तर बॅटरी लवकर संपते, म्हणून वेळ निवडून करा. चौथ्या दिवशी सापडली. पाच-पाच सेकंदांनी आकडे असे होते: ७९, ८०, ९४, १२३, १४२, १४६, १२७, ९८, ८४.

आता इथे खरी गोम आहे. हे आकडे बघून वाटतं पल्स हळूहळू चढली आणि हळूहळू उतरली. मावशी म्हणते, "अरे, बटण दाबल्यासारखं होतं रे, खट चालू आणि खट बंद." दोन्ही खरं असू शकतं, कारण सरासरी काढली की सरळ उभी भिंत पण उतारासारखी दिसते. आणि डॉक्टरांना नेमका हाच फरक हवा असतो. घाबरल्यामुळे किंवा धावल्यामुळे वाढलेली पल्स चढत जाते आणि सावकाश उतरते, पण हृदयातल्या विजेच्या वायरिंगमुळे होणारे काही प्रकार एकदम चालू होतात आणि एकदम थांबतात. म्हणजे घड्याळाचा उतार दाखवून 'टेन्शनमुळे असेल' म्हणणं चूक. डॉक्टरांकडे जाताना ग्राफ न्या, पण कसं सुरू झालं आणि कसं थांबलं ते तोंडाने सांगा, जमलं तर टेबलावर बोटाने तो ताल वाजवून दाखवा, नियमित होता की वेडावाकडा ते त्यातून कळतं.

आणखी दोन गोष्टी घड्याळावर सोडू नका. एक म्हणजे 'ठोका चुकला' असं वाटणं. त्यात बऱ्याचदा एक ठोका लवकर येतो आणि त्यानंतर मोठी गॅप पडते, दोन्ही मिळून वेळ तेवढीच, त्यामुळे दहा सेकंदांत सरासरी जवळपास तीच. दुसरी म्हणजे जास्त पल्सचा अलार्म. ॲपल वॉचमध्ये तो तुम्ही साधारण १० मिनिटं स्वस्थ असताना पल्स ठरवलेल्या आकड्यावर गेली तर वाजतो. वीस सेकंदांच्या धडधडीला तो वाजणारच नाही, म्हणून अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. आणि धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा माणूस पडला तर हा सगळा उद्योग बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायचं.

डॉक्टरांनी मावशीची वही बघितली, ग्राफ बघितला, आणि ४८ तासांचं होल्टर लावलं. त्यात छातीवर पट्ट्या चिकटवून प्रत्येक ठोक्याची ईसीजी सलग रेकॉर्ड होते, सरासरीचा प्रश्नच नाही, आणि त्रास झाला की दाबायचं एक बटण असतं. आंघोळ नाही म्हणून ती दोन दिवस कुरकुरली. मी हट्टाने घड्याळ पण हातात ठेवलं, १ मिनिटावर. होल्टरमध्ये दोन धडधडी निघाल्या, एक २२ सेकंदांची, एक १४ ची, दोन्हींत पल्स १६० च्या वर आणि दोन्ही एका ठोक्यात सुरू. घड्याळात पहिलीच्या जागी १३१ ची एक काडी होती, दुसरीच्या जागी ७६, ७९.