या चुका टाळा: ‘पुढे जाऊन’, ‘एकाच पानावर’ आणि मेलमधली उसनी मराठी

इंग्रजी वाक्प्रचाराचं शब्दशः भाषांतर विचित्र वाटलं, तर त्यातून फारसं नुकसान होत नाही. ‘जरा आम्हाला सहन करा’ असं वाचलं की वाचणारा क्षणभर थबकतो, ‘थोडं सांभाळून घ्या’ म्हणायचं असेल हे ओळखतो आणि पुढे वाचू लागतो. घोटाळा होतो तो सरळ, शुद्ध मराठी वाटणाऱ्या वाक्यांमुळे. व्याकरण बरोबर, शब्द ओळखीचे, पण अर्थ भलताच. असं वाक्य वाचताना कुणी अडखळत नाही, त्यामुळे कुणी विचारतही नाही. चूक कळते ती काम चुकल्यावर.

ऑफिसमधले इंग्रजी मेल मराठीत आणि हिंदीत करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. एका पुरवठादाराला गेलेला एक मेल मी अजून जपून ठेवला आहे. चारच वाक्यं होती:

> पुढे जाऊन सर्व बिले नव्या नमुन्यात पाठवावीत. दरांबाबत आपण एकाच पानावर आहोत. दिवसाच्या शेवटी, ट्रान्सपोर्टरची निवड तुमची आहे. थकीत रकमेबाबत मी तुमच्याकडे परत येईन.

इंग्रजी येणाऱ्याला यामागचं मूळ वाक्य लगेच ऐकू येतं, म्हणून पाठवणाऱ्याला यात काहीच खटकलं नाही. पुरवठादाराने मात्र समोरचं मराठी वाचलं, आणि ते अगदी बरोबर वाचलं.

‘पुढे जाऊन’ म्हणजे मराठीत ‘कालांतराने’. ‘पुढे जाऊन तो मोठा गायक झाला’ म्हणतो तसं. इंग्रजीत इथे ‘गोइंग फॉरवर्ड’ होतं, म्हणजे ‘आतापासून’. पुरवठादाराला वाटलं, नमुना कधीतरी बदलणार आहे, तेव्हा सांगतील. पुढची तीन बिलं जुन्याच नमुन्यात आली आणि अकाउंट्सने तिन्ही परत पाठवली. हिंदीतही हीच गत आहे. ‘आगे चलकर’ म्हणजे पुढे कधीतरी. ‘आतापासून’ म्हणायचं तर ‘आगे से’ किंवा ‘अब से’. एका शब्दाच्या फरकाने मुदत बदलते.

‘एकाच पानावर’ वाचून त्याने सोबत जोडलेलं दरपत्रक उघडलं. त्याला तीन पानं होती. ‘दर कोणत्या पानावरचे धरायचे?’ असा त्याचा उलट मेल आला. प्रश्न अगदी रास्त होता. मुळातल्या ‘ऑन द सेम पेज’मधून आपण ‘आपलं एकमत आहे’ एवढंच म्हणत होतो.

‘दिवसाच्या शेवटी’मुळे सगळ्यात जास्त धावपळ झाली. इंग्रजीतल्या ‘ॲट द एंड ऑफ द डे’चा वेळेशी काही संबंध नव्हता. ‘शेवटी निर्णय तुमचाच’ एवढंच म्हणायचं होतं. पण मराठीत ‘दिवसाच्या शेवटी’ म्हणजे संध्याकाळी. आज संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे असं समजून त्याने मिळेल तो ट्रान्सपोर्टर घाईघाईने पक्का केला, तोही महाग. इंग्रजीत ‘आजच्या आज पाठवा’ सांगणारा ‘बाय एंड ऑफ डे’ हा शब्दप्रयोगही जवळपास असाच असतो, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याचाही इथे गोंधळ होतो. खरोखर मुदत असेल तर ‘आज सायंकाळी ६ पर्यंत’ असं लिहावं. मुदत नसेल तर दिवसाचा उल्लेखच नको.

चौथ्या वाक्यावर तर तो आठवडाभर वाट पाहत राहिला. ‘तुमच्याकडे परत येईन’ म्हणजे साहेब स्वतः येणार, मग फोन करून घाई कशाला करायची? मुळातल्या ‘गेट बॅक टू यू’साठी ‘कळवतो’ हा साधा शब्द तिथे हवा होता.

तोच मेल मी असा लिहिला असता:

> १ तारखेपासूनची सर्व बिले नव्या नमुन्यात पाठवावीत. दर आपल्यात ठरल्याप्रमाणेच राहतील. ट्रान्सपोर्टर कोणता घ्यायचा हे तुम्ही ठरवा, आमची हरकत नाही. थकीत रकमेबाबत अकाउंट्सकडे विचारून बुधवारपर्यंत कळवतो.

यात ‘१ तारीख’ आणि ‘बुधवार’ मूळ इंग्रजी मेलमध्ये नव्हते. ते लिहिणाऱ्याला विचारूनच घालावे लागतात, स्वतःच्या मनाने नाही. इंग्रजी वाक्प्रचार बऱ्याचदा हीच माहिती झाकून ठेवतो: कोणी, काय, कधीपर्यंत. भाषांतर करताना ती जागा रिकामी आहे हे दिसलं, की मूळ लेखकाला एक फोन करायचा. तो एक फोन वाचवायला गेलं की पुढे दहा फोन करावे लागतात.

मराठी म्हण शोधायची घाईही नको

ही चूक हुशार माणसं करतात. शब्दशः नको म्हणून इंग्रजी वाक्प्रचाराच्या जागी त्यासारखी दिसणारी मराठी म्हण बसवतात. ‘आपण एकाच पानावर’च्या जागी एकाने ‘आपण एका माळेचे मणी’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. सगळे सारखेच वाईट असतात तेव्हा आपण असं म्हणतो. ग्राहकाला ते लिहिणं म्हणजे त्याचा अपमानच. हिंदीतलं ‘एक ही थैली के चट्टे-बट्टे’ही तसंच. कामाच्या मेलमध्ये म्हणीच्या जागी म्हण लागतेच असं नाही. बहुतेक वेळा साधं क्रियापद पुरतं.

रुळलेल्या भाषांतरांना माझा विरोध नाही. ‘हिरवा कंदील’ मराठीत सगळ्यांना कळतो. पण तोच मेल हिंदीत करताना तिथे ‘हरी झंडी’ हवी, कंदील चालत नाही. ‘चेंडू तुमच्या कोर्टात’ हे वर्तमानपत्रांत रुळलं आहे, तरी थकबाकीच्या मेलमध्ये मी ते कधीच लिहू देत नाही. आधीच पैशांवरून ताणलेल्या माणसाच्या नजरेत ‘कोर्ट’ एवढाच शब्द भरतो. हिंदीतलं ‘गेंद आपके पाले में’ यातून सुटतं. मराठीत ‘आता निर्णय तुम्ही कळवायचा आहे’ हे पुरेसं आहे.

चूक आधीच कशी ओळखायची

स्वतःचं भाषांतर स्वतः तपासून ही चूक सापडत नाही, कारण डोक्यात इंग्रजी वाक्य वाजतच असतं. ज्याने मूळ मेल पाहिलेला नाही अशा कुणाला तो वाचायला द्या. ‘समजलं का?’ असं मात्र विचारू नका, त्यावर सगळे ‘हो’ म्हणतात. ‘हे वाचून तुम्ही आता काय करणार?’ असं विचारा. वर दिलेला पहिला मेल मी नंतर अशा एका सहकाऱ्याला दिला, तेव्हा तो म्हणाला, ‘संध्याकाळपर्यंत ट्रान्सपोर्टर ठरवतो.’ पाठवण्याआधी विचारलं असतं, तर चूक तिथेच पकडली गेली असती.

एका ठिकाणी मात्र ही चाचणीही उपयोगी पडत नाही, कारण तिथे संदिग्धता मूळ इंग्रजीतच असते. प्रस्ताव ‘टेबल’ केला असं ब्रिटिश इंग्रजीत म्हटलं की तो चर्चेला घेतला. अमेरिकन इंग्रजीत म्हटलं की तो बाजूला ठेवला. आपल्याकडे विधिमंडळाच्या भाषेत कागद ‘पटलावर ठेवणे’ म्हणजे सभागृहापुढे मांडणे. अमेरिकेहून आलेल्या मेलमध्ये हा शब्द दिसला आणि आपण ‘प्रस्ताव पटलावर ठेवला’ असं लिहून टाकलं, तर लांबणीवर पडलेलं काम पुढे सरकलं असं वाचणारा समजेल. म्हणून हा शब्द दिसला की आधी पाठवणाऱ्याला विचारा, ‘चर्चा होणार आहे की थांबवली आहे?’ आणि जे उत्तर येईल तेच मराठीत लिहा: ‘प्रस्ताव चर्चेला घेतला आहे’ किंवा ‘प्रस्ताव तूर्त थांबवला आहे’.