पोलिसांनी नुसती एनसी घेतली? मारहाणीची भरपाई दिवाणी कोर्टातून अशी मागा

तालुक्याच्या कोर्टात मी असे दावे बरेच चालवलेत, आणि "एफआयआर नाही म्हणजे काही होत नाही" हा सल्ला ऐकला की अजूनही डोकं फिरतं. साध्या मारहाणीत पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत, ते खरं. पण मारणाऱ्याला शिक्षा होणं वेगळं आणि तुम्हाला पैसे मिळणं वेगळं. भरपाईचा दावा तुमचा स्वतःचा असतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फौजदारी केसमध्ये समोरचा सुटला तरी दिवाणी कोर्ट पुरावा आपला आपण तपासतं, आणि तिथे "संशयापलीकडे" सिद्ध करावं लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे एवढंच बघतात.

हात लागलाच पाहिजे असंही नाही. आता फटका बसणार अशी खरीखुरी भीती वाटावी असं कुणी अंगावर धावून आलं तरी दावा होतो. इंग्लंडमध्ये 1830 साली एका सभेत एक जण मूठ आवळून अध्यक्षांच्या अंगावर गेला, मधल्यामध्ये त्याला अडवलं, तरी कोर्टाने भरपाई दिली. फक्त ती एक शिलिंग होती, तेव्हा नुसत्या धावून येण्यावर लाखाची स्वप्नं बघू नका.

पहिल्या दिवशी एनसीची कॉपी घ्या, फाटलेला शर्ट न धुता ठेवा, सीसीटीव्हीचं फुटेज उडायच्या आत कॉपी करून घ्या आणि कॉपी करणाऱ्याकडून इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही घ्या. चौकीत "आमचं आपसात मिटलं" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका, तो कागद पुढे तुमच्याच विरोधात येतो.

आता खरी मेख, केसपेपरची हिस्टरी, म्हणजे जखम कशी झाली याबद्दल डॉक्टर जे लिहितो ते. सुरुवातीच्या काळात माझा एक दावा यातच गेला. माझ्या पक्षकाराला चांगला मार लागला होता, साक्षीदार होते, पण खाजगी दवाखान्यात "पोलिसांचं लफडं नको" म्हणून त्याने स्वतःच "जिन्यावरून पडलो" सांगितलं आणि डॉक्टरने तेच लिहिलं. उलटतपासात समोरच्या वकिलाने तो एकच कागद पुढे केला, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला सांगा, मारहाण झाली, कशाने मारलं, किती वाजता, आणि ते कागदावर उतरलंय का ते तिथेच वाचा. शक्यतो सरकारी दवाखान्यात जा म्हणजे एमएलसीची, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यात होणारी, नोंद होते. चुकून "पडलो" लिहिलं गेलंच तर डॉक्टरांकडून खाडाखोड अजिबात करून घेऊ नका, त्याने सगळाच कागद संशयास्पद होतो. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात परत तपासून घ्या, खरी हिस्टरी नोंदवा, आणि आधी खोटं का सांगितलं ते दाव्यातच स्वतःहून लिहा. आणि हो, नुसतं डिस्चार्ज कार्ड जोडून भागत नाही, समोरच्याने ते नाकारलं तर डॉक्टरला समन्स काढून साक्षीला आणावंच लागतं, जखम फटक्याने होऊ शकते हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे.

आकडा कसा मांडायचा? पार्किंगवरून भांडण झालेल्या एका इलेक्ट्रिशियनचा दावा सांगतो. भुवईवर चार टाके, चष्मा फुटलेला, सहा दिवस काम बंद. दवाखाना 7,400, चष्मा 4,200, बुडालेली कमाई दिवसाला 1,500 प्रमाणे 9,000. कमाई दाखवायला आधीच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट दिलं, यूपीआयने आलेली मजुरी त्यात दिसत होती. हे झाले 20,600, आणि वेदना आणि चारचौघांत झालेला अपमान याचे 50,000 मागितले. कोर्टाने 20,600 पूर्ण दिले पण अपमानाचे 20,000 वर आणले, कारण पहिली शिवी आमच्या माणसाने दिली होती. शिवी दिली म्हणून मारायचा हक्क मिळत नाही, पण रक्कम कमी होते. पहिला हात तुमचा असेल तर मात्र समोरचा स्वसंरक्षण म्हणणार आणि दावाच अडचणीत येणार, वकिलाला हे आधीच खरं सांगा. आणि उगाच दहा लाख मागू नका, कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते.

बाकी सोपं आहे. वकिलाची नोटीस पोचपावतीसह पाठवा, मग जिथे मारहाण झाली किंवा समोरचा जिथे राहतो त्यातल्या कुठल्याही एका ठिकाणच्या दिवाणी कोर्टात दावा लावा. मुदत घटनेपासून तीन वर्षं, एनसीवर काहीतरी होईल म्हणून वाट बघत बसलात तरी ती थांबत नाही. हुकूमनामा झाल्यावर समोरच्याने पैसे दिले नाहीत तर त्याच कोर्टात वसुलीची दरखास्त टाका, आणि त्याचं बँक खातं, गाडीचा नंबर, पगार कुठून येतो ही माहिती दावा चालू असतानाच गोळा करून ठेवा.