सीजीपीएला ९.५ ने गुणताय? आधी या चुका टाळा

फॉर्ममध्ये 'टक्केवारी' असा रकाना दिसला की बहुतेकांचा हात कॅल्क्युलेटरकडे जातो आणि सीजीपीए गुणिले ९.५ होऊन मोकळा होतो. हा ९.५ मुळात सीबीएसईचा, दहावीला फक्त ग्रेड मिळत होत्या त्या २०१० ते २०१७ या काळातला. ९१ ते १०० च्या गटातल्या मुलांची सरासरी साधारण ९५ येते, म्हणून ९५ ला १० ने भागलं. बोर्डाने स्वतःच त्याला 'अंदाजे' म्हटलं होतं. तो शब्द मात्र सगळे विसरले.

पहिली चूक म्हणजे आलेला आकडा खरा मानणं. समजा पाच विषयांचे ग्रेड पॉइंट १०, ९, ९, ८, ८ आहेत. बेरीज ४४, सीजीपीए ८.८, आणि ९.५ ने गुणल्यावर ८३.६ टक्के. आता मागे जाऊन बघा. १० म्हणजे ९१ ते १००, ९ म्हणजे ८१ ते ९०, ८ म्हणजे ७१ ते ८०. प्रत्येक विषयात गटातले सर्वांत कमी गुण पडले असतील तर एकूण ३९५, म्हणजे ७९ टक्के. सर्वांत जास्त पडले असतील तर ४४०, म्हणजे ८८. एकाच ८.८ च्या पोटात नऊ टक्क्यांचा फरक! गुण ग्रेडमध्ये बदलताना जे पुसलं गेलं ते कुठल्याही गुणाकाराने परत येत नाही. त्यामुळे ८३.६ आणि ८१.७ वाल्यांमध्ये कोण पुढे, हा वाद निरर्थक. पाचशेपैकी पाचशे मिळवणाऱ्यालाही हे सूत्र ९५ च देतं.

खालच्या टोकाला गंमत उलटी होते. सगळ्या विषयांत ५ पॉइंट असतील तर गुण ४१ ते ५० मधले, मध्य ४५.५, सूत्र देतं ४७.५. म्हणजे इथे ते थोडं उदार आहे.

दुसरी चूक जास्त महागात पडते: शाळेचं सूत्र पदवीला लावणं. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या सारणीत ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.२५ म्हणजे ६५ टक्के. थोडक्यात, सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. इंजिनिअरिंगला ६.५ असेल तर ९.५ ने ६१.७५ येतात आणि या हिशेबाने ५७.५. अट ६० टक्क्यांची असेल तर एका सूत्राने तुम्ही आत, दुसऱ्याने बाहेर. शिवाय काही विद्यापीठांची सूत्रं याहूनही वेगळी असतात. म्हणून आधी गुणपत्रिकेची मागची बाजू वाचा. रूपांतराचा नियम बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरात छापलेला असतो. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र मागा. कागदपत्रं तपासणारा तोच कागद बघतो, तुमचा कॅल्क्युलेटर नाही.

आणि ६.३ ला ९.५ ने गुणून ५९.८५ आले तर ६० लिहू नका. फॉर्ममध्ये सीजीपीए भरायची सोय असेल, तर गुणाकाराच्या भानगडीतच न पडता '१० पैकी ६.३' असं लिहा.