मालकंसासाठी पहिली तार मध्यमात लावली की जवारी जाते? माझा अनुभव

आमच्याकडे कोल्हापुरात घरी मिरजेचा तंबोरा आहे, काळी एकचा. भूपाला पंचमात मस्त बोलायचा, पण मालकंसात पंचम नाही म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवली की ती मुकी व्हायची, नुसतं टक्क, आणि गाताना माझा मध्यम टेकायलाच जागा मिळायची नाही. तार बदलली, मणी फिरवला, पावसाळी हवेला दोष दिला, काही उपयोग नाही. दोन महिने वैताग आला होता.

चूक ही की दोरा पंचमाच्याच जागेवर ठेवून मी तार उतरवत होतो. एक सूर ढिली झाली की तार घोडीवर वेगळी टेकते, दोऱ्याची जागाही बदलावी लागते.

आता असं करतो. आधी जोडी आणि खर्ज पक्के लावायचे. मग पहिल्या तारेचा दोरा पूर्ण काढायचा, मणी मधोमध आणायचा आणि खुंटीने मध्यम जवळपास आणायचा. मग दोरा घालून तार छेडत छेडत केसभर केसभर सरकवायचा, झंकार एकदम उघडतो ती जागा आली की थांबायचं, पुढे गेलं की परत बसका आवाज येतो. दोऱ्याने सूर किंचित हलतो, म्हणून शेवटी मणी, घोडीपासून लांब नेला की सूर चढतो. जोडीबरोबर वाजवून आवाजातली लाट थांबेपर्यंत हलवायचा.

झालं का ते कळतं कसं, तर मध्यमावर आकार लावायचा, बरोबर लागला की आपला आवाज तंबोऱ्यात विरघळतो.