उलट्या होणाऱ्या लहान मुलाच्या अंगातलं पाणी कमी होतंय का, हे घरी कसं ओळखाल

समजा, एक वर्षाची मुलगी आहे, वजन दहा किलो. रात्री दहाला पहिली उलटी झाली आणि पहाटेपर्यंत सहा-सात झाल्या. साठ किलोच्या बाबांनाही तशाच उलट्या होत असतील, तरी त्यांच्यापेक्षा मुलीकडे आधी बघायला हवं. वजनाच्या पाच टक्के पाणी गेलं की मुलात त्याच्या खुणा दिसू लागतात. बाबांच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे तीन लिटर. मुलीच्या बाबतीत फक्त अर्धा लिटर, म्हणजे अडीच पेले. चार-पाच उलट्या आणि दोन-तीन पातळ जुलाब झाले तर एवढं पाणी एका रात्रीत जाऊ शकतं.

शिवाय तिची रोजची गरजही वजनाच्या मानाने मोठी आहे. दहा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण एक लिटर द्रव लागतो, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा. मोठ्या माणसाला एवढा लागत नाही. बाळाची त्वचा वजनाच्या मानाने जास्त पसरलेली असते, श्वासही भरभर चालतो, त्यामुळे नुसतं झोपून असतानाही पाणी उडत राहतं आणि ताप असेल तर आणखी. अगदी तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करून पाणी वाचवणं पुरतं जमत नाही. उलटीत तर दुहेरी नुकसान होतं, कारण आतलं बाहेर पडतं आणि वरून दिलेलंही टिकत नाही. त्यातून एवढ्याशा मुलाला तहान लागल्याचं सांगता येत नाही.

आधी शेवटची लघवी आठवा. वेळ कागदावर लिहा. सहा तास लघवी झाली नसेल तर सावध व्हा, आठ तास झाले तर डॉक्टरांकडे निघा. इथे एक फसगत नेहमी होते. जुलाबही होत असतील तर डायपर पाण्यासारख्या शौचाने भिजतो आणि आपल्याला लघवी झाली असं वाटतं. शंका असेल तर डायपर काढून सुती लंगोट बांधा. लघवी कमी आणि गडद पिवळी असेल तर तीही खूणच.

मग उजेडात चेहरा बघा. डोळे आत गेलेत का? ‘नेहमीपेक्षा वेगळे दिसतात का’ हे आईला किंवा आजीला विचारा, त्यांची नजर इथे फार खरी असते. रडताना अश्रू येतात का, जीभ ओली आहे का, तेही पाहा. टाळू अजून भरली नसेल तर बाळ शांत असताना त्याला उभं धरून हलकं बोट फिरवा. ती खोल गेलेली लागली तर पाणी कमी झालंय.

पोटाची चिमटी घ्या. बेंबीच्या बाजूची कातडी अंगठा आणि तर्जनीत उभी धरून सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी. हळू बसली तर पाणी कमी आहे, दोन सेकंदांहून जास्त लागले तर स्थिती गंभीर आहे. पण गुबगुबीत बाळात पाणी कमी असूनही चिमटी लगेच बसते आणि फार रोडावलेल्या मुलात पाणी पुरेसं असूनही हळू बसते. त्यामुळे एकट्या चिमटीवर निर्णय घेऊ नका.

आता चमचाभर ओआरएस द्या आणि मूल ते कसं पितं ते बघा. मला ही खूण सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चमच्याला झोंबून, अधाशासारखं पिणारं मूल बघून घरच्यांना हायसं वाटतं, पण ती आत पाणी कमी पडल्याची खूण असते. त्याच भरात पेला तोंडाला लावला तर ताणलेलं पोट सगळं परत फेकतं. एक लिटरची पुडी असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच कालवा. दर एक-दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिली, एवढंच द्या. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून पुन्हा आणखी सावकाश सुरू करा. मिनिटाला चमचा गेला तरी तासात तीनशे मिली होतात. अंगावरचं दूध चालूच ठेवा. नुसतं पाणी पुरत नाही, कारण उलटी-जुलाबात मीठही गेलेलं असतं.

चिडचिड करणारं, पण पिणारं मूल वेगळं आणि मलूल पडलेलं मूल वेगळं. हाक मारून नीट जागं होत नाही, चमचा तोंडात घातला तरी गिळत नाही, हातपाय गार पडलेत, श्वास खोल आणि भरभर चाललाय, असं काही दिसलं तर चमच्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली तरी तेच. सहा महिन्यांच्या आतलं बाळ वारंवार ओकत असेल तर या खुणांची वाट बघू नका.

निघताना तो लघवीची वेळ लिहिलेला कागद घ्या. किती उलट्या, किती जुलाब झाले, किती चमचे टिकले आणि मागच्या लसीकरणाच्या वेळी वजन किती भरलं होतं, हेही त्यावर लिहा. आजचं वजन त्याच्याशी ताडून किती पाणी गेलं असेल याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो.