व्हिजिटिंग कार्डाच्या प्रूफचा फोटो आला, की ‘ओके’ लिहिण्याआधी

प्रेसवाल्याचा मेसेज येतो, “भाऊ, बघून घ्या, आज लॉटला लावतो.” खाली प्रिंटआउटचा मोबाईलवर काढलेला फोटो. मल्टिकलर कार्डं बहुतेक वेळा हजाराच्या हिशेबात, दुसऱ्यांच्या कार्डांसोबत एकाच शीटवर, म्हणजे लॉटमध्ये, छापली जातात. शीट मशीनवर चढली, की एका कार्डासाठी कुणी ती थांबवत नाही. म्हणून खालची तपासणी ‘ओके’च्या आधीची आहे. उदाहरणाला रावेरच्या एका ठिबक सिंचनाच्या दुकानाचं कार्ड धरू: पुढच्या बाजूला मराठी, मागे इंग्रजी, माप नेहमीचं साडेतीन बाय दोन इंच.

पहिली तयारी म्हणजे फोटो तपासण्यालायक आहे की नाही ते ठरवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यात सगळ्यात आधी जातो तो अनुस्वार. ‘सिंचन’चं ‘सिचन’ दिसलं, तर चूक छपाईत आहे की फोटोत, हे कळायला मार्ग नसतो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, आणि सोबत पीडीएफही मागवा. अक्षरं पीडीएफवर वाचायची. कागद, रंग आणि शाईचा फैलाव फोटोवर बघायचा. फोटो पुन्हा काढायला सांगताना नेमकं सांगा: कार्ड चौकटीच्या वहीवर ठेवा, फोन बरोबर वर आडवा धरा, हातभर अंतरावरून थोडा झूम करून घ्या, फ्लॅश नको. फ्लॅशचा डाग नेमका मोबाईल नंबरवर पडतो.

आता कागद-पेन घ्या आणि कार्डावर काय काय हवं ते आठवणीने आधी लिहून काढा. प्रूफ बघत बघत “काय राहिलं?” असं शोधलं, तर जे छापलंय तेच पुरेसं वाटतं. या दुकानाच्या यादीत दुकानाचं नाव, मालकाचं नाव, दोन मोबाईल, त्यातला व्हॉट्सअ‍ॅपचा कोणता, लँडलाईन, ईमेल, रस्ता आणि जवळची खूण, ‘रावेर, जि. जळगाव’, पिन ४२५५०८ आणि जीएसटी नंबर एवढं येतं. सगळ्यात जास्त गळतो तो एसटीडी कोड. गावातल्या गावात कोडाशिवाय नंबर ओळखीचा असतो, पण कार्ड बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याच्या खिशात जातं तेव्हा तो सहा आकड्यांचा नंबर त्याच्या काही कामाचा नसतो. रावेरचा कोड ०२५८४, पुढे सहा आकडे. जळगावचा ०२५७, पुढे सात. सुरुवातीच्या शून्यासकट एकूण ११ आकडे भरले नाहीत, तर काहीतरी सुटलंय. जीएसटी नंबर कार्डावर टाकलाच पाहिजे असं नाही, पण टाकला तर १५ अक्षरं मोजा: महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन.

आकडे डोळ्यांनी जुळवू नका. आपला नंबर आपल्याला पाठ असतो, त्यामुळे छापलेला न वाचता पाठ असलेलाच वाचला जातो. एकाने प्रूफवरून आकडा-आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने तो फोनवर दाबून कॉल लावायचा. योग्य माणसाचा फोन वाजला, तरच तो नंबर पास. वाचणारा दुकानाबाहेरचा असला तर आणखी चांगलं. मराठी बाजूवर आकडे देवनागरीत असतील, तर तेही बदलून घ्या असंच आम्ही सांगू. देवनागरी ४ बाहेरच्याला 8 वाटतो, ७ चा 6 होतो, आणि रावेरच्या केळीच्या व्यापारात बरेच फोन राज्याबाहेरून येतात. ईमेलही असाच टाईप करून त्यावर एक मेल पाठवा. मराठी फॉन्ट चालू असताना ईमेल टाईप झाला, की टिंब किंवा @ च्या जागी भलतंच चिन्ह बसतं. क्यूआर कोड असेल, तर फोटोवरून स्कॅन झाला एवढ्यावर थांबू नका, कारण फोटो मोठा करता येतो, कार्ड नाही. छापील कोड दोन सेंटीमीटरपेक्षा लहान नको आणि चारही बाजूंनी पांढरी जागा मोकळी हवी. पैशांचा कोड असेल, तर स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतं ते बघा.

मग शुद्धलेखन. शेवटच्या ओळीपासून वर, एकेक शब्द वाचत जा. अर्थ लागेनासा झाला, की अक्षरं दिसायला लागतात. या धंद्याच्या कार्डावर ‘सूक्ष्म’चं ‘सुक्ष्म’ आणि ‘दुरुस्ती’चं ‘दुरूस्ती’ ठरलेलंच. ‘प्रसिद्ध’मध्ये द आधी आणि ध नंतर, ‘प्रसिध्द’ इतक्या पाट्यांवर असतं, की डिझायनरला तेच बरोबर वाटतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना, किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडताना, आणखी तीन गोष्टी मोडतात: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो. म्हणून प्रत्येक ‘ि’, प्रत्येक रफार आणि ‘विक्री’, ‘इलेक्ट्रिक’सारखे शब्द मोठे करून बघा. आडनावाला मात्र नियम लावू नका. ‘पाटील’ की ‘पाटिल’ हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं, पण पुढे-मागे एकच हवं. आद्याक्षरं तर नीट बघाच: आपल्या भागात एका गल्लीत चार पाटील निघतात, अक्षरांची अदलाबदल झाली की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. गडद हिरव्या पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं असतील, तर शाई पसरून अनुस्वार बुजतो. तिथे अक्षर मोठं किंवा ठळक करायला सांगा.

मांडणी तपासताना आधी कार्डाच्या कडा बघा. फोन तिरका असला, की समोरासमोरच्या कडा एकमेकींकडे झुकतात आणि सरळ ओळही वाकडी दिसते. कडा वहीच्या रेषांना धरून असतील, तरच पुढे जा. स्क्रीनवर कागदाची पट्टी धरून कार्डाच्या दोन्ही कडांच्या खुणा करा, पट्टी त्या दोन खुणा एकमेकींवर येतील अशी दुमडा. घडी म्हणजे कार्डाचा मध्य. दुकानाचं नाव त्या घडीच्या दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं हवं. थोडंसंच डावीकडे सरकलं असेल, तर बहुधा ओळीच्या शेवटी रिकामी स्पेस राहिलेली असते, तेवढं कळवलं की डिझायनरचं काम मिनिटाचं. मराठी ओळींची समानता शिरोरेषेवरून बघायची, खालून नाही. उकारांमुळे खालची कड फसवते. कडेपासून कुठलंही अक्षर चार मिलिमीटरच्या आत नको, कारण कटिंगमध्ये मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच. म्हणूनच काठाला लागून बारीक बॉर्डर नको: एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब, असं होऊन बसतं. रंगीत पट्टा काठापर्यंत असेल, तर तो मापाबाहेर तीन मिलिमीटर वाढवलाय का, हे विचारून घ्या. कापलेल्या प्रूफच्या फोटोत ते दिसत नाही.

दुरुस्त्या व्हॉइस मेसेजवर सांगू नका, फोनवर तर नाहीच. फोटोवर लाल गोल करून नंबर द्या आणि खाली लिहा: “भाऊ, १) पुढची बाजू, ओळ ३: सुक्ष्म → सूक्ष्म. २) लँडलाईनआधी ०२५८४ टाका. ३) पिनकोड राहिला: ४२५५०८. ४) नाव मध्यावर घ्या. बाकी काही बदलू नका. दुसरं प्रूफ पाठवा, त्याआधी लावू नका.” दुसरं प्रूफ आलं, की फक्त हे चार गोल बघून भागत नाही. बदललेली ओळ डिझायनर बहुतेक वेळा नव्याने टाईप करतो आणि त्याच ओळीतला बरोबर असलेला आकडा बिघडतो, म्हणून फोन पुन्हा लावून बघायचे. होकार देताना नुसतं ‘ओके’ न लिहिता, “प्रूफ २, पुढची-मागची दोन्ही बाजू, छापा” असं त्याच पीडीएफला रिप्लाय करून लिहा. नाहीतर फाईल पहिलीच लॉटला जाते.